बाजूनं धरणारं कुणी नसलेला बीम

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. त्याच्या डाईहाउसमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या खात्यात, माझे वडील नोकरी करतात. मी त्यांना आप्पा म्हणते. लहानपणी शाळेतून आल्यावर त्यांच्या बोटांच्या रंगावरून आम्ही बहिणी ओळखायचो की आज कोणत्या रंगाचं सूत होतं. मी सिव्हिल शिकले, पुढं स्ट्रक्चरल डिझाइन केलं, आणि आता शुक्रवार पेठेत एका दवाखान्याच्या वर माझं छोटंसं ऑफिस आहे. शेड, टाक्यांचे स्टँड, जिने, गच्चीवरचे मजले अशी कामं येतात.

आप्पांच्या कारखान्याचं काम माझ्याकडं आलं तेव्हा घरात कौतुक झालं. मालकांनी रंगाचं नवं मोठं भांडं घेतलं होतं. सूत गुंडाळलेल्या निमुळत्या कोनांनी भरलेला लोखंडी सांगाडा त्या भांड्यात सोडायचा, रंगवून झाला की ओला आणि वाफाळता वर काढायचा, असं ते काम. जुनी भांडी लहान होती. त्यांचे सांगाडे आप्पा आणि त्यांचे जोडीदार साखळीच्या चेनब्लॉकनं हातानं ओढून काढायचे. त्या साखळीनं आप्पांचा उजवा खांदा पार खाल्ला होता. हात डोक्याच्या वर नेताना त्यांचा चेहरा वाकडा व्हायचा, आणि आई तिकडं बघायचंच टाळायची. नव्या भांड्यासाठी विजेचं तीन टनांचं हॉइस्ट बसणार होतं. बटण दाबायचं, सांगाडा वर, नव्या भांड्याचाही आणि जुन्यांचाही. ते हॉइस्ट ज्याच्यावरून पुढंमागं फिरेल तो बीम कोणता घ्यायचा, हे मला ठरवायचं होतं.

मालक स्वतः विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्यांनी मला परकरात असल्यापासून पाहिलेलं.

"बाळ," ते म्हणाले, "जुन्या शेडमधला एक बीम पडलाय आपल्याकडं. चारशेचा. चांगला दणकट. तोच चढवू. तू फक्त कागदावर घे."

चारशेचा म्हणजे चारशे मिलिमीटर उंचीचा, नेहमीच्या एमबी जातीचा. मी तो अंगणात जाऊन पाहिला. त्याची पट्टी, म्हणजे फ्लँज, एकशे चाळीस मिलिमीटर रुंद होती. डाईहाउसचे खांब एकमेकांपासून आठ मीटरवर होते. एका खांबावरून दुसऱ्यावर बीम जाणार, मध्ये काहीच नाही. वर पत्रा, खाली भांडी.

ऑफिसात येऊन मी गणित मांडलं. साधं वाकणं बघितलं तर तो बीम उत्तम होता. मध्यभागी भार आल्यावर तो खाली झुकेल तेही मर्यादेत होतं. हॉइस्ट, त्याला बसणारे झटके, बीमचं स्वतःचं वजन आणि सुरक्षेसाठीची वाढ, सगळं धरून एकशे बत्तीस किलोन्यूटन-मीटरची ताकद लागत होती, आणि या बीमची दोनशे सदुसष्टची होती. दुप्पट. पण ती दुप्पट एका अटीवर होती. बीमची वरची पट्टी बाजूनं कुणीतरी धरून ठेवलेली असायला हवी होती.

हे जरा सांगायला लागेल. बीमवर भार आला की त्याची खालची पट्टी ताणली जाते आणि वरची दाबली जाते. दाबलेली पट्टी लांब असेल, अरुंद असेल आणि बाजूनं मोकळी असेल, तर ती खाली जाण्याऐवजी आडवी पळते. खालची ताणलेली पट्टी तिला धरून ठेवायला बघते, आणि त्या ओढाताणीत सगळा बीमच आडवा सरकत पिळवटतो. आमच्या पुस्तकात याला लॅटरल टॉर्शनल बकलिंग म्हणतात. वर काँक्रीटचा स्लॅब असता तर त्यानं वरच्या पट्टीला घट्ट धरलं असतं आणि हा प्रश्नच आला नसता. इथं आठ मीटर मोकळी हवा होती. भार मधोमध येतो आणि खालच्या पट्टीवरून लटकतो याची जेवढी सवलत मिळते तेवढी सगळी दिली, तरी ताकद दोनशे सदुसष्टवरून एकशे पंधरावर आली. हवी होती एकशे बत्तीस.

मी दुसऱ्यांदा गणित केलं. मग तिसऱ्यांदा केलं, कारण उत्तर मला स्वतःलाच नको होतं. आकडे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं, हा बीम चालणार नाही. तिथं फॅब्रिकेशनचे चाचाही होते. कारखान्यातलं लोखंडाचं सगळं काम वर्षानुवर्षं तेच करतात, आणि हात त्यांचा फार सफाईदार.

"मॅडम, चारसौ का बीम है," चाचा हसत म्हणाले. "हाथी लटकाओ."

"हत्ती मधोमध लटकला तर बीम खाली नाही तुटणार, चाचा. बाजूला पळंल."

"तो बीच में एक अँगल मारता. बीम के ऊपर से सीधा कैंची को. फिर किधर भागेगा?"

कैंची म्हणजे छताचा ट्रस. कल्पना वाईट नव्हती. मधोमध वरच्या पट्टीला घट्ट आधार मिळाला तर बीमची मोकळी लांबी आठाची चार होते आणि सगळं गणितच बदलतं. म्हणून मी शिडी लावून वर गेले. ट्रसचा खालचा पाइप हातानं ढकलून पाहिला. तो हलला. हलक्या पत्र्यासाठी बांधलेला ट्रस, त्याच्या खालच्या पाइपाला आडवं बांधणारं काहीच नव्हतं. जो स्वतः हलतो तो बीमला काय धरणार? भिंत एका अंगाला जवळ होती, पण मध्ये वाफेची नळी आडवी जात होती आणि ती हलवायची तर बॉयलर बंद. चाचांना मी ते दाखवलं. त्यांनीही पाइप ढकलून पाहिला आणि मान हलवली.

"फिर साडेचारसौ डालो. वो है मेरे यार्ड में."

तेही मी करून पाहिलं. साडेचारशेचा एमबी गणितात पास होत होता. पण तो पन्नास मिलिमीटरनं उंच, म्हणजे हॉइस्ट आणि हूक तेवढे खाली येणार. सांगाडा पूर्ण वर ओढला तरी त्याचा तळ भांड्याच्या काठाला घासला असता. खांब वाढवायचे म्हणजे छप्पर उचलायचं. तेही गेलं.

उरला तो वाइड फ्लँजचा, डब्ल्यूबी जातीचा चारशे. उंची तीच, चारशे. पण पट्टी दोनशे मिलिमीटर रुंद. वजनाला मीटरमागं जेमतेम पाच किलो जास्त. बाजूला वाकण्याला होणारा विरोध मात्र दुपटीहून जास्त. त्याच आठ मीटर मोकळ्या लांबीत, तशाच सवलती देऊन, त्याची ताकद एकशे सत्तरच्या वर जात होती. लोखंड जवळपास तेवढंच, फक्त ते बाजूंना पसरलेलं. मला तो तक्ता बघून फार बरं वाटलं. नंतर मी फोन करायला बसले. सोलापुरात हा माल कुणाकडंच नव्हता. पुण्यात एका यार्डानं सांगितलं, मिळेल, पण तीन-चार आठवडे लागतील.

मालकांचा चेहरा उतरला.

"तीन-चार आठवडे? भांडं येऊन पडलंय. ऑर्डर घेतलीय मी."

"मला कळतंय, मालक."

"नाही कळत तुला." ते थोडे चिडलेच. "तुझ्या बापाचा खांदा बघ. तो रोज साखळी ओढतोय. आणि त्याची पोरगी बीम अडवून बसलीय."

मी एवढंच म्हणाले की ज्या बीमखाली माझे आप्पा उभे राहणार आहेत, त्याच्यावर मी खोटी सही करणार नाही. आणि निघाले.

घरी त्याहून अवघड होतं. आईवडील कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहतात. मी रविवारी गेले तेव्हा डाईहाउसमधले आप्पांचे दोन जोडीदार ओट्यावर बसलेले होते. मला बघून गप्प झाले. त्यांना वाटत होतं, हॉइस्ट माझ्यामुळं अडलंय. ते खरंच होतं.

ते गेल्यावर आप्पांनी विचारलं, "काय बिनसलंय त्या बीमात? मला सांग की. समदे मलाच इचारत्यात."

मी आईची स्वयंपाकघरातली लांब, पातळ पट्टी घेतली. लाकडी होती, वड्या कापताना रेघ ओढायला ती वापरते. दोन डब्यांवर ती उभी, धारेवर ठेवली, टोकं आप्पांना धरायला लावली आणि मधोमध बोटानं हळूहळू दाब दिला. पट्टी खाली वाकली नाही. एका क्षणी ती मध्येच आडवी फुगली आणि पिळली.

आप्पांनी ती परत धरली. परत दाबायला सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजे मोडत न्हाय. कूस बदलतंय."

"व्हय. आणि कूस बदललं की मग भार सोडायला वेळ नाही मिळत."

त्यांनी पट्टी आईकडं परत दिली. "मग थांब," एवढंच म्हणाले. त्या रात्री जेवताना त्यांनी डाव्या हातानं भाकरी मोडली. मी पाहिलं. बोलून काय करणार होते? बीम पुण्यात होता.

नंतरच्या आठवड्यात आप्पांचा हात उचलायचाच बंद झाला. डॉक्टरांनी आराम सांगितला. मी ऑफिसात बसून आकडे परत काढले, कुठं काही जास्त धरलंय का ते शोधलं, कुठं थोडी ढील मिळते का ते पाहिलं. खांबांची पकड, भाराची जागा, सगळं परत. ढील जेवढी होती तेवढी मी आधीच दिलेली होती. मला रडू आलं आणि मग रागही आला, त्या आठ मीटरवर. पण निर्णय बदलला नाही. पुण्याच्या यार्डाला मी रोज फोन करायला लागले.

तेवढ्यात एका सुट्टीच्या दिवशी मालकांचा फोन आला. "ये जरा. बीम चढवलाय."

मी पोचले तर जुना चारशेचा बीम खांबांवर बसलेला होता आणि त्याला हॉइस्टही लटकवलं होतं. चाचा खाली उभे. नजर चुकवत होते. डाईहाउसची बहुतेक माणसं जमली होती. आप्पाही आले होते, हात गळ्यात अडकवलेला. कुणीतरी नारळ आणून ठेवला होता.

"एकदा चालवून बघू," मालक म्हणाले. "पुण्याचा येईल तेव्हा बदलू."

"नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला होता.

"भांड्यावर माणसं उभी असताना नाही. पण तुम्हाला बघायचं असेल तर बघू. माझ्या पद्धतीनं."

मालकांनी वर हॉइस्टकडं पाहिलं. मग म्हणाले, "बोल."

मी सगळ्यांना दाराबाहेर काढलं. चाचांना सांगून बीमच्या वरच्या पट्टीच्या काठाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक दोरी ताणून बांधली. शिडी लावून मधोमध एक मोजपट्टी बसवली, दाराबाहेरून दोरीचं अंतर वाचता येईल अशी. भार यायच्या आधीच दोरी आणि बीम यांत मधोमध चौदा मिलिमीटरचं अंतर दिसत होतं. एवढ्या लांबीत सात-आठ चालतात. जुन्या शेडमधून काढताना किंवा अंगणात पडून तो बीम एका अंगाला थोडा वाकलेला होता. डोळ्यांना ते कळत नव्हतं.

मग हुकाला फळीचा पाळणा अडकवून त्यात सिमेंटच्या पिशव्या भरल्या. आधी एक टन. पाळणा जमिनीपासून फक्त वीतभर उचलायचा, म्हणजे काही झालं तरी खाली पडायला जागाच नको. बटण चाचांनी दाराबाहेरून, लांब वायरनं दाबलं.

मी दारातूनच दुर्बिणीनं मोजपट्टी वाचली. चौदाचे सतरा.

"भार कुठं लटकतोय?" मी मालकांना विचारलं.

"खाली."

"आणि बीम कुठं सरकला?"

त्यांनी दुर्बीण घेतली. वाचलं. दुसरा टन भरला. परत उचलला. सतराचे वीस, आणि वीसच्याही पुढं जाऊन आकडा थांबला. दुसऱ्या टनानं पहिल्यापेक्षा जरा जास्तच सरकवलं होतं.

"बघा," मी म्हणाले, "आपण बाजूला बोटसुद्धा लावलं नाही. सगळं वजन सरळ खाली आहे. तरी तो आडवा चाललाय. भार वाढेल तसा तो जास्तच वेगानं आडवा जाणार. तिसरा टन मी चढवू देणार नाही. रोज गरम सांगाडा झटक्यानं उचलायचा, त्यात हॉइस्टची चाकांची ट्रॉली थांबली की तो झुलणार, आणि खाली माणसं."

चाचांनी पाळणा खाली टेकवला. दोरीजवळचं अंतर परत चौदावर आलं. ते बघून दारातली माणसं आपापसांत बोलायला लागली. लोखंड परत जागेवर गेलं म्हणून कुणाला धीर आला नाही. उलट, ते हलतं हे आता सगळ्यांनी पाहिलं होतं.

मालक पायरीवर बसले. मग म्हणाले, "चाचा, उतरवा. पुण्याला मी स्वतः बोलतो."

आप्पा तिथंच उभे होते. माझ्याकडं बघून त्यांनी फक्त मान हलवली.

मालक बोलल्यावर पुण्याचं काम हललं. मी हॉइस्टवाल्यांनाही आधीच कळवलं होतं की ट्रॉलीची चाकं एकशे चाळीसच्या पट्टीला बसवलेली आहेत, आता दोनशेची येणार, तेव्हा चाकांमधला लांब दांडा पाठवा. तो बीमच्या आधीच पोचला. बीम ट्रकवरून उतरला तेव्हा चाचा त्याच्या रुंद पट्टीवरून हात फिरवत म्हणाले, "चौडा है भई. अब बैठेगा."

चढवताना मी एका गोष्टीवर अडून बसले. दोन्ही टोकांना बीमची नुसती खालची पट्टी खांबावर टेकवायची नाही, वरची पट्टीही खांबाला बांधायची. टोकं पिळली तर मधल्या सगळ्या गणिताला अर्थ नाही. चाचांनी त्यासाठी जाड अँगल स्वतः कापले. एकदाही "मॅडम, एवढं कशाला" म्हणाले नाहीत.

चाचणी मागच्यासारखीच केली. दोरी, मोजपट्टी, पाळणा, माणसं बाहेर. रिकामं अंतर चार मिलिमीटर निघालं. या वेळी तीन टनांवर न थांबता त्याच्या सव्वापट भार चढवला, कारण हॉइस्टची चाचणी तशीच घ्यायची असते. अंतर दोन मिलिमीटरनं वाढलं आणि थांबलं. मी दुर्बीण मालकांकडं दिली, मग चाचांकडं, मग डाईहाउसमधल्या ज्यांना बघायचं होतं त्या सगळ्यांकडं. ओट्यावर मला बघून गप्प झालेले आप्पांचे जोडीदारही त्यात होते. त्यांच्यातला मोठा दुर्बीण परत देताना म्हणाला, "न्हाय हलत की ह्यो."

त्यानंतर मी कागदावर सही केली.

आप्पा पंधरवड्यानं कामावर रुजू झाले. खांदा पूर्ण बरा झाला नव्हता, होणारही नाही असं डॉक्टर म्हणतात. पण आता त्यांना साखळीला हात लावायचं काम नव्हतं. पहिल्या पाळीला मी मुद्दाम गेले. निळं सूत होतं. भांड्याचं झाकण उघडलं, वाफ छतापर्यंत गेली, आणि आप्पांनी लटकणाऱ्या डब्यावरचं वरचं बटण दाबलं. सांगाडा पाणी गाळत सावकाश वर आला, काठापासून दोन-तीन बोटं वर, आणि ट्रॉलीबरोबर पुढं सरकत गेला.

आप्पा त्याच्याकडं बघत होते. मला वाटलं, काहीतरी बोलतील. मालकही बाजूला उभे होते, त्यांनाही तसंच वाटलं असावं.

"लई हळू जातंय की हे," आप्पा म्हणाले. "हाताचं बरं हुतं, लवकर व्हायचं."

मालक हसायला लागले. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी आलं आणि ते वाफेवर ढकलता आलं. आप्पांनी दुसरं बटण दाबलं, सांगाडा खाली उभ्या गाडीवर अलगद टेकला, आणि ते पुढच्या भांड्याकडं वळले.